आठ वर्षांचा लॅपटॉप वारंवार बंद पडतो, तेव्हा दुरुस्ती की नवा?

लॅपटॉपला आठ वर्षे झाली आणि तो आठवड्यातून तीन-चार वेळा काम करता करता बंद पडू लागला, की घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे असते की त्यात आता एक रुपयाही घालू नये, आणि दुसऱ्याचे म्हणणे असते की चालतो आहे तोवर चालवावा. दोन्ही पक्ष लॅपटॉपच्या वयाविषयी बोलत असतात, आणि नेमके वयावरूनच या प्रश्नाचे उत्तर काढता येत नाही. उत्तर अवलंबून असते ते बिघडलेला भाग स्क्रू काढून बदलता येण्याजोगा आहे की मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला आहे, यावर. हार्ड डिस्क, रॅमची पट्टी, बॅटरी आणि पंखा हे बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये पहिल्या गटात येतात. प्रोसेसर, चिपसेट आणि वीज नियंत्रित करणारे सर्किट दुसऱ्या गटात. बंद पडण्याचे बाह्य लक्षण मात्र दोन्ही गटांत सारखेच दिसते, आणि म्हणून निदान होण्याआधी खर्चाचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे.

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका परिचितांचे उदाहरण घेऊ. त्यांचा लॅपटॉप 2017 च्या दिवाळीतला, सातव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क असलेला. एका दुरुस्तीवाल्याने तो न उघडताच ‘बोर्ड गेलाय, साडेनऊ हजार लागतील’ असे सांगितले आणि दुसऱ्याने ‘नवाच घ्या’ असा सल्ला दिला. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही, कारण अधूनमधून येणारा दोष दुकानाच्या टेबलावर दहा मिनिटांत क्वचितच दिसतो. तो ज्याच्या हातात रोज लॅपटॉप असतो त्यालाच पकडता येतो.

त्यासाठी पहिले काम म्हणजे बंद पडण्याच्या घटना वेगवेगळ्या करणे. विंडोज प्रत्येक घटनेची नोंद ठेवते आणि खालील आज्ञा दिली की ती दिवसवार तक्त्यात दिसते.

```
perfmon /rel
```

या तक्त्यात परिचितांच्या तक्रारीचे दोन स्पष्ट प्रकार निघाले. काही वेळा पडदा एकाएकी काळा होऊन यंत्र पूर्ण बंद होत होते, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदीत केवळ Kernel-Power 41 एवढाच उल्लेख राहत होता. म्हणजे विंडोजला आपण का बंद पडलो हे लिहून ठेवण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. इतर वेळी मात्र माउस मिनिटभर गोठून मग निळा पडदा येत होता आणि त्यावर KERNEL_DATA_INPAGE_ERROR असे लिहिलेले असे. पहिला प्रकार बहुतांशी दुपारचा होता, दुसऱ्याला वेळकाळ नव्हता. एकच तक्रार म्हणून सांगितले जाणारे हे दोन निरनिराळे आजार होते.

पहिल्याचा संबंध उष्णतेशी होता. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. पण पंखा कितीही जोरात फिरला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा काहीच थंड करू शकत नाही. उष्णता वाहण्याचा वेग प्रोसेसर आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरतो. जानेवारीत खोली 22 अंशांवर असताना एखाद्या कामाला प्रोसेसर 78 अंशांवर स्थिरावत असेल, तर मे महिन्यात खोली 43 अंशांवर गेल्यावर तेवढाच फरक राखण्यासाठी तो 99 अंशांपर्यंत चढतो. या प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांची आहे. ती जवळ आली की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि एवढ्यानेही भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी थेट वीज तोडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जानेवारीतली वीसेक अंशांची शिल्लक हाताशी असणे म्हणूनच आवश्यक ठरते, आणि आठ वर्षांत ती शिल्लक धूळ खाऊन टाकते.

ही धूळ बाहेरच्या झडपांतून दिसत नाही. ती पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, नमद्यासारखी घट्ट थापलेली असते; कापसाच्या पट्ट्यात, जिथे हंगामात जिनिंगचे तंतू हवेत असतात, तिथे ती चिमटीत धरून सलग उचलता येते. बाहेरून ब्लोअर मारल्याने ती तशीच राहते किंवा आणखी आत सरकते. पंखा काढून ती साफ करणे, प्रोसेसरवरची वाळून भेगाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावणे, एवढे काम जाणत्या माणसाला तासाभराचे असते. परिचितांनी त्यासाठी 600 रुपये दिले. आधी त्याच फाईली उघडल्यावर तापमान 98 अंशांवर टेकत होते, नंतर ते 76 वर थांबले, आणि दुपारचे बंद पडणे थांबले.

निळ्या पडद्याचा आजार मात्र कायम राहिला, आणि इथेच सर्वांत फसवा पेच आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातील काही मजकूर तात्पुरता हार्ड डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. परत आणताना डिस्कने तो वाचून दिला नाही, की वरील निळा पडदा येतो. 4 जीबी रॅमवर ब्राउझर आणि टॅली एकत्र चालवताना ही ने-आण अखंड सुरू असते, त्यामुळे डिस्कवरचा एखादाच खराब भागही पुन्हा पुन्हा वाटेत येतो. अशा वेळी नुसती रॅम वाढवली तर ने-आण कमी होते, निळे पडदेही कमी होतात, आणि दुरुस्ती झाली असे वाटते. डिस्क मात्र आतून संपतच असते, आणि दोन-तीन महिन्यांनी ती सगळ्या हिशेबांसह जाते. रॅम टाकल्यावर लॅपटॉप सुधारला, यावरून रॅमच खराब होती, असे अनुमान काढू नये.

डिस्कची खरी स्थिती CrystalDiskInfo या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. त्यात दोन ओळी पाहाव्यात. 05 क्रमांकाची ओळ डिस्कने बाद करून बदललेल्या भागांची संख्या सांगते, आणि C5 क्रमांकाची ओळ वाचता न आल्याने निर्णय रखडलेल्या भागांची. पहिली संख्या स्थिर असेल तर काही काळ सोसता येते. दुसरी शून्याच्या वर असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर ती डिस्क कामाच्या लायक राहिलेली नाही. परिचितांच्या डिस्कवर दोन्ही वाढत होत्या. या टप्प्यावर उत्साहाच्या भरात

```
chkdsk /r
```

ही आज्ञा देण्याचा मोह होतो. ती सबंध डिस्क तासन्‌तास वाचायला लावते, आणि मरणासन्न डिस्क त्या कष्टातच जाऊ शकते. आधी माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, मग जे तपासायचे ते तपासावे. हा क्रम उलटा झाला तर डेटा परत मिळवण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त येऊ शकतो.

रॅम निर्दोष आहे याची खात्री MemTest86 हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून करता येते. त्यात एकही चूक आढळली तर पट्टी बाद समजावी. बॅटरीचा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा आहे. वीज क्षणभर गेली आणि इन्व्हर्टर सुरू व्हायला अर्धा सेकंद लागला, तरी मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप त्या अर्ध्या सेकंदात बंद पडतो आणि नोंदीत पुन्हा तेच Kernel-Power 41 उमटते. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलेली आहे. ती दाबू नये, टोचू नये, लॅपटॉप बंद करून तज्ज्ञाकडून काढून घ्यावी.

राहिला ‘बोर्ड गेला’ हा निष्कर्ष. तो केवळ वगळत वगळतच काढता येतो. हार्ड डिस्क काढून ठेवावी, पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली सुरू करावी, आणि तापमान काबूत व रॅम तपासलेली असताना तीन-चार तास यंत्र चालू ठेवावे. तरीही ते बंद पडले तर संशय बोर्डवर जातो. कारण बहुधा असे की चिप आणि बोर्ड तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावतात, आणि आठ वर्षांच्या तापण्या-निवण्याने त्यांच्यामधल्या सोल्डरच्या बारीक ठिपक्यांना तडे जातात. हॉट गनने चिप तापवून दिलेला इलाज ते तडे तात्पुरते सांधतो, आणि म्हणून तो काही आठवडेच टिकतो. बदली बोर्ड घेतला तर तोही अशाच आठ वर्षे तापलेल्या लॅपटॉपमधून काढलेला असतो. माझ्या मते या वयाच्या साध्या लॅपटॉपवर बोर्डाचा खर्च करू नये, मग किंमत कितीही पटण्यासारखी वाटो.

परिचितांचा लॅपटॉप या चाचणीत संपूर्ण दुपार न अडखळता चालला. म्हणजे बोर्ड शाबूत होता आणि साडेनऊ हजारांचा प्रस्ताव गैरलागू होता. त्यांनी हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरता भाग नसलेली 480 जीबीची एसएसडी सुमारे तीन हजारांना घेतली आणि दुकानातल्या मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून काढलेली 4 जीबीची पट्टी सातशेला. नवी घेतली नाही, कारण 2025 च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढलेले आहेत. सफाई धरून खर्च 4,300 रुपयांपर्यंत गेला. बॅटरीचे 2,200 रुपये त्यांनी वाचवले, कारण लॅपटॉप टेबलावरच असतो आणि तिथे संगणकासाठीचा छोटा यूपीएस आधीच होता. या खर्चातला मोठा भाग वाया जाणारा नाही, हेही महत्त्वाचे: लॅपटॉप उद्या संपला तरी एसएसडी काही शे रुपयांच्या खोक्यात घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. सफाईचे आणि बोर्डाचे पैसे मात्र लॅपटॉपबरोबरच जातात.

एका मर्यादेवर कोणताही स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची सुरक्षा-सुधारणांची मुदतवाढ 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच आहे, आणि तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मागते, अगदी मोजके अपवाद सोडले तर, आणि हा सातव्या पिढीचा आय-5 त्या अपवादांत नाही. पळवाटेने ते बसवता येते, पण पुढच्या सुधारणांची हमी राहत नाही. ज्याच्यावर मुलांचा अभ्यास किंवा वाचन चालते, त्या लॅपटॉपवर लिनक्स घालून हा प्रश्न मिटवता येईल. दुसऱ्यांच्या जीएसटीचे पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ज्याला जोडले जाते, आणि ज्याला टॅलीसाठी विंडोज लागतेच, त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

म्हणून परिचितांनी मुदतवाढीची नोंदणी केली, आणि ऑक्टोबरपूर्वी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घेऊन कामाचे हिशेब त्यावर हलवायचे ठरवले. तो या पट्टीच्याच डीडीआर-4 प्रकारच्या मेमरीचा आणि रॅमसाठी मोकळी जागा असलेला मिळाला तर सातशेची पट्टीही त्यात बसेल. खरेदीआधी पाठीचे झाकण उघडून ती जागा पाहू देईल असाच विक्रेता ते सध्या शोधत आहेत.