इटलीतलं डेंटल एस्टिमेट: 'इंपियांतो' वेगळं आणि 'कोरोना सू इंपियांतो' वेगळं

आपण मराठीत 'इम्प्लांट केलं' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर आख्खा दात येतो, चावता येईल असा. इटालियन प्रेव्हेंतीव्होत मात्र, म्हणजे खर्चाच्या अंदाजपत्रकात, 'इंपियांतो' अशी एकटी ओळ असेल तर तो बहुतेक वेळा फक्त हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू असतो. वर दिसणारा दात म्हणजे 'कोरोना सू इंपियांतो', आणि दोघांना जोडणारा मधला तुकडा म्हणजे 'मोंकोने', त्याचीही ओळ कधीकधी वेगळीच असते.

समजा मिलानमधल्या एका ताईंनी दोन क्लिनिकचे कागद मराठीत भाषांतर करून द्यायला पाठवलेत, दोन्हीवर दात 4.6, म्हणजे खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. पहिल्यावर 'इंपियांतो 900,00' आणि दुसऱ्यावर 'इंपियांतो ए कोरोना 1.750,00' (तिकडे टिंब हजाराचं आणि स्वल्पविराम दशांशाचा, म्हणजे हे सतराशे पन्नास युरो, आकडे उदाहरणापुरते). भाषांतरात दोन्हीकडे नुसतं 'इम्प्लांट' लिहिलंत की ताई पहिलं क्लिनिक निम्म्यात करतंय असं समजून तिकडेच जाणार. पहिल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्रोतेसी एस्क्लूझा' असेल तर वरचा दात त्यात धरलेलाच नाही, मग 250 चं मोंकोने आणि 750 ची कोरोना मिळवली की तेच 1.900 होतात, दुसऱ्यापेक्षा जास्त.

यात क्लिनिक फसवतंय असं लगेच धरू नका. स्क्रू हाडात धरायला खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने जातात, वरच्यात बरेचदा जास्त, त्यामुळे सर्जरी आणि दात बसवणं ही दोन टप्प्यांची कामं असतात आणि काही डॉक्टर दुसऱ्या टप्प्याचं एस्टिमेट नंतर देतात. पण पेशंटने तुलना आज करायची असते, म्हणून मी भाषांतरात 'इंपियांतो'ला 'हाडात बसवायचा स्क्रू (वरचा दात यात नाही)' असंच लिहितो आणि दुसऱ्या कागदावर 'स्क्रू आणि वरचा दात'.

अजून एक गोंधळ असतो, नुसतं 'कोरोना' लिहिलेलं असेल, पुढे 'सू इंपियांतो' नसेल, तर ती बहुधा स्वतःच्या दातावर बसणारी कॅप, आणि 'पेर्नो मोंकोने' दिसलं तर नक्कीच शिल्लक राहिलेल्या मुळाचं काम चाललंय, रूट कॅनालनंतर मुळात खुंटी घालून वर उभारणी करतात ते. 4.6 काढलेलाच असेल आणि ही ओळ त्याच नंबरासमोर असेल तर दाताचा नंबर चुकलाय का ते विचारायलाच हवं.

क्लिनिकला पाठवायला एवढा प्रश्न पुरतो: 'मोंकोने ए कोरोना देफिनितीव्हा सोनो कॉम्प्रेझी नेल प्रेत्सो?' म्हणजे मधला तुकडा आणि कायमचा दात या किमतीत आहेत का. त्यातला 'देफिनितीव्हा' गाळू नका, कारण नाहीतर उत्तर 'हो' येईल ते तात्पुरत्या दाताबद्दलही असू शकतं.