प्रत्येक गटात दात किती? बाँड स्ट्रेंग्थच्या अभ्यासाचं गणित

दाताला फिलिंग किती घट्ट चिकटलं आहे हे मोजायला शिअर बाँड स्ट्रेंग्थची चाचणी करतात. काढलेल्या दाताचा पृष्ठभाग घासून सपाट करायचा, त्यावर ॲडहेसिव्ह लावायचं, वर कॉम्पोझिटचं छोटं बटण बसवायचं आणि ते सुटेपर्यंत यंत्राने कडेने ढकलत जोर वाढवायचा. सुटतानाचा जोर न्यूटनमध्ये घ्यायचा, त्याला बटणाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे चौरस मिलिमीटरने, भागायचं. उत्तर मेगापास्कलमध्ये येतं. दोन ॲडहेसिव्हची अशी तुलना पीजीच्या थिसिसमध्ये बरेचदा असते आणि सिनॉप्सिस लिहितानाच पहिला प्रश्न अडतो: प्रत्येक गटात दात किती घ्यायचे?

'आधीच्या थिसिसमध्ये ३० होते' हे उत्तर चालत नाही, कारण हा आकडा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. पहिली, किती फरक सापडला तर तो महत्त्वाचा मानायचा. दुसरी, एकाच ॲडहेसिव्हने चिकटवलेल्या दातांची मापं आपापसांत किती विखुरलेली असतात. या विखुरण्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, थोडक्यात एसडी.

समजा, ३ मेगापास्कलपेक्षा कमी फरकाने आपला निर्णय बदलणार नाही असं गाईडशी बोलून ठरलं आणि आधीच्या अभ्यासांत एसडी ४ च्या आसपास आहे. दोन गोष्टी रूढीने धरल्या जातात: फरक नसताना तो 'सापडण्याची' शक्यता ५ टक्के आणि खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के. मग सूत्र असं होतं:

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × SD² / d²
  = 15.7 × 16 / 9 = 27.9
```

इथे d म्हणजे शोधायचा फरक आणि n म्हणजे एका गटातले दात; १.९६ हा आकडा त्या ५ टक्क्यांवरून येतो आणि ०.८४ हा ८० टक्के पॉवरवरून. म्हणजे २८. सूत्रात एसडी आधीच पक्की माहीत आहे असं धरलेलं असतं; प्रत्यक्षात ती त्याच मोजक्या दातांवरून काढायची असल्यामुळे एक दात वाढतो. R या सॉफ्टवेअरमध्ये हेच नेमकं मिळतं:

```
power.t.test(delta = 3, sd = 4, power = 0.8)
```

उत्तर २८.९ येतं, म्हणजे प्रत्येक गटात २९. घासताना किंवा बसवताना दहा टक्के नमुने वाया जातील असं धरलं, तर २९ ला ०.९ ने भागून ३३ दातांची तयारी ठेवावी.

सगळ्यात महागात पडणारी चूक एसडी उचलताना होते. काही शोधनिबंधांत सरासरीपुढे '±' लावून एसडी नव्हे, तर स्टँडर्ड एरर दिलेला असतो. तो म्हणजे एसडी भागिले नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. १६ दातांच्या अभ्यासात '± १' हा स्टँडर्ड एरर असेल, तर खरी एसडी ४ आहे. १ हाच आकडा एसडी समजून सूत्रात घातला, तर गटाला दोन दात पुरतील असं उत्तर येतं. इतकं लहान उत्तर आलं की तक्त्याखालची टीप पुन्हा वाचायची. पायलट अभ्यासावरही फार विसंबू नये. पाच दातांवरून एसडी ४ निघाली, तर खरी एसडी अडीचपासून साडेअकरापर्यंत कुठेही असू शकते. पायलट मुख्यतः हात बसवण्यासाठी असतो.

एसडी बऱ्याच अंशी आपल्याच कामातून तयार होते, हे लक्षात घ्यायला हवं. ३ मिलिमीटर व्यासाच्या बटणाचं क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिलिमीटर. १०० न्यूटनला ते सुटलं, तर ताकद १४.१ मेगापास्कल. पण साचा नीट न बसल्याने ॲडहेसिव्ह थोडं बाहेर पसरलं आणि प्रत्यक्ष व्यास ३.२ झाला, तर क्षेत्रफळ ८.०४ होतं आणि तीच ताकद १२.४ ठरते. दीड मेगापास्कलहून जास्त फरक केवळ व्यास न मोजल्यामुळे! ढकलणारं पातं कधी पृष्ठभागाला चिकटून तर कधी थोडं वर लागणं, काही दात आठवडाभर तर काही पाच महिने साठवलेले असणं, क्युअरिंग लाइट वेगवेगळ्या अंतरावर धरणं, हे सगळं एसडीत जमा होतं. या गोष्टी आवळून एसडी ४ वरून ३ वर आणली, तर गटाला २९ ऐवजी १७ दात पुरतात.

दात मिळणं कठीण असेल तर आणखी एक वाट आहे. प्रत्येक दात उभा चिरून दोन भाग करायचे, एका भागावर पहिलं ॲडहेसिव्ह आणि दुसऱ्यावर दुसरं. कोणत्या भागाला कोणतं, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. दातादातांमधला फरक यात बराचसा कटतो. दोन भागांच्या मापांमधला सहसंबंध ०.५ असेल, तर त्याच ३ मेगापास्कलसाठी एकूण १६ दात लागतात. आधीच्या पद्धतीत एकूण ५८ लागले असते. सहसंबंध कमी निघाला तर हा फायदाही घटतो. शिवाय विश्लेषण पेअर्ड टी-टेस्टनेच करायचं. याउलट एका दातावर एकाच ॲडहेसिव्हची तीन बटणं लावून 'नमुने तीन' म्हणणं चूक आहे. एका दाताची मापं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्या दाताची सरासरी घेऊन तो एकच नमुना मोजावा.

आता २९–२९ दातांची मापं हातात आली असं धरू. पहिल्या गटाची सरासरी १४.२, एसडी ४.१, दुसऱ्याची ११.६ आणि ३.७. दात वेगवेगळे असल्यामुळे अनपेअर्ड टी-टेस्ट लागते. फरक २.६ आणि त्याचा स्टँडर्ड एरर १.०३, म्हणून टी सुमारे २.५ आणि पी व्हॅल्यू सुमारे ०.०१४. बरेच विद्यार्थी इथेच 'फरक सिग्निफिकंट' लिहून पुढे जातात. पण फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५ ते ४.७ आहे, आणि आपण महत्त्वाचा मानलेला आकडा होता ३. म्हणजे फरक आहे याला चांगला आधार मिळाला. तो उपयोगी पडण्याइतका मोठा आहे की नाही, ते या अभ्यासातून ठरत नाही. थिसिसमध्ये हेच लिहायला हवं, इंटरव्हलसकट.

ॲडहेसिव्ह तीन असतील तर दोन-दोनच्या जोड्या लावून तीन टी-टेस्ट करू नयेत. खरा फरक कुठेच नसतानाही एखादी जोडी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ५ वरून १२ टक्क्यांच्या आसपास जाते. तिथे अनोव्हा करून मग टुकी टेस्ट वापरावी. नमुना संख्याही तीन गटांसाठी वेगळी काढावी लागते.

बटण कुठून सुटलं, सांध्यातून, दाताच्या आतून की थोडं दोन्हीकडून, याची नोंद भिंगाखाली घेतात. ती मोजणी असते, तिला सरासरी नसते. म्हणून काय-स्क्वेअर, आणि तक्त्याच्या एखाद्या चौकटीतली अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर फिशर एक्झॅक्ट टेस्ट.

काही बटणं यंत्राला लावण्याआधीच गळून पडतात. त्यांना शून्य धरायचं की वगळायचं, हे पहिला दात घासण्याआधी सिनॉप्सिसमध्ये लिहून ठेवावं. कमजोर ॲडहेसिव्हची बटणं जास्त गळतात. ती वगळली की त्या गटात फक्त घट्ट बसलेली उरतात आणि सरासरी उगाच वर जाते. नियम काहीही ठरो, कोणत्या गटात किती गळली ते निकालाच्या तक्त्यात दिसायलाच हवं.