लेजंड म्हणजे छोटी मेथड्स नव्हे

मॉलेक्युलर बायोलॉजीचे रिपोर्ट तपासताना एकच गोष्ट इतक्या वेळा दिसते की आता लिहूनच टाकतो. आकृतीखाली जो मजकूर असतो, म्हणजे लेजंड, त्यात लोक मेथड्सचा परिच्छेद कापून चिकटवतात. नाहीतर उलटं करतात, एक ओळ लिहितात आणि पुढे "सविस्तर मेथड्समध्ये पाहा". दोन्ही प्रकारात आकृती एकटी उभी राहत नाही. पहिल्यात वाचणारा बफरच्या रेसिपीत बुडतो आणि हवं ते सापडत नाही, दुसऱ्यात हवं ते लिहिलेलंच नसतं.

मेथड्स कशी लिहायची ते तुम्हाला माहितीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला तोच प्रयोग परत करता यावा एवढं त्यात हवं, बास. लेजंडचं काम वेगळं आहे. ज्याने रिपोर्टचं एकही पान वाचलेलं नाही त्याला ही आकृती *वाचता* यावी. म्हणून कुठलाही तपशील हातात घेतला की मी एकच प्रश्न विचारतो, हा बदलला तर आकृतीचा अर्थ बदलेल का? बदलणार असेल तर लेजंडमध्ये, नुसता प्रयोग करायची पद्धत बदलणार असेल तर मेथड्समध्ये. ब्लॉट दुधात ब्लॉक केला की अल्ब्युमिनमध्ये, याने बँड वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही (दुधामुळे बॅकग्राउंड वाढलं असेल तर ते चित्रात दिसतंच आहे). पण पेशींना औषध ६ तास दिलं की २४ तास, याने सगळाच फरक पडतो.

रिझल्ट्सशी होणारा गोंधळ त्यामानाने सोपा आहे. चित्रातून काय निष्कर्ष निघतो यावरची चर्चा रिझल्ट्समध्ये, लेजंडमध्ये नाही. अपवाद फक्त पहिल्या ठळक ओळीचा. ती निष्कर्ष सांगणारी असावी असं माझं ठाम मत आहे. "पी५३ चा वेस्टर्न ब्लॉट" हे शीर्षक नाही, तो वेस्टर्न ब्लॉट आहे हे दिसतंय मला. "इटोपोसाइड दिल्यावर एमसीएफ-७ पेशींमध्ये पी५३ वाढतं" हे शीर्षक. आणि ग्राफच्या कोपऱ्यातल्या रंगांच्या चौकटीलाही लेजंड म्हणतात, ती इथे अभिप्रेत नाही, तो विषय तेवढाच.

आता एक आकृती घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतलेत पण प्रयोग नेहमीचा आहे. एमसीएफ-७ पेशींना इटोपोसाइड दिलं, डीएनए तुटला, पी५३ साठलं आणि त्याने पी२१ चं जीन चालू केलं. भाग अ मध्ये पी५३ चा ब्लॉट, चार लेन, ०, ६, १२, २४ तास, खाली बीटा-ॲक्टिन. भाग ब मध्ये क्यूपीसीआरने मोजलेला पी२१ चा एमआरएनए, दोन बार, कंट्रोल आणि २४ तास. माझ्याकडे येते त्या पद्धतीची लेजंड अशी असते:

> आकृती २. पी५३ आणि पी२१. (अ) वेस्टर्न ब्लॉट. लायसेट बनवून जेलवर चालवले, पीव्हीडीएफ मेंब्रेनवर ट्रान्सफर केले, ५ टक्के दुधात १ तास ब्लॉक केले व रात्रभर ४ अंशाला अँटिबॉडीत ठेवले. (ब) क्यूपीसीआर. n = 3, * p < 0.05.

मजकूर बराच आहे, पण ब्लॉट वाचायला यातलं काहीच उपयोगी पडत नाही. पेशी कुठल्या, औषध कुठलं, किती, काही नाही. आणि "०" नावाच्या लेनमध्ये नक्की काय आहे? ही जागा जवळजवळ सगळे चुकतात. शून्य तास म्हणजे औषध न देता सुरुवातीलाच काढलेल्या पेशी, की २४ तास फक्त डीएमएसओ दिलेल्या पेशी? पहिलं असेल तर २४ तासांच्या लेनमधली वाढ औषधाने झाली की एक दिवस जास्त वाढून डिशमध्ये गर्दी झाली म्हणून झाली, हे ब्लॉटवरून सांगताच येत नाही. दुसरं असेल तर सांगता येतं. चित्र दोन्ही वेळा अगदी तेच दिसणार, फरक फक्त लेजंडमधल्या चार शब्दांचा. ॲक्टिनचंही असंच आहे, तो त्याच मेंब्रेनवर पाहिला की तेच नमुने दुसऱ्या जेलवर चालवून? दुसऱ्या जेलवरचा ॲक्टिन पहिल्या जेलच्या लोडिंगची खात्री देऊ शकत नाही, म्हणून ही माहिती मेथड्समध्ये लपवायची नाही.

आता जिथे खरा पाय अडकतो तिथे येतो: n = 3. तीन काय?

समोर बसलेल्याला हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, "तीनदा केलं". तीनदा काय केलं? वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशी लावून, प्रत्येक वेळी नव्याने औषध देऊन, नव्याने आरएनए काढून केलं असेल तर ते तीन बायोलॉजिकल रेप्लिकेट. एकाच डिशमधून एकच आरएनए काढला, एकच सीडीएनए केला आणि तो प्लेटच्या तीन वेलमध्ये टाकला तर ते तीन टेक्निकल रेप्लिकेट. पहिल्यातून कळतं की औषधाचा परिणाम परत परत दिसतो का, दुसऱ्यातून एवढंच कळतं की तुमचा पिपेट नीट चालतो का. कागदावर मात्र दोघांचं नाव एकच, n = 3.

आकड्यांत बघा म्हणजे लक्षात येईल. समजा तीन वेगळ्या प्रयोगांत पी२१ कंट्रोलच्या ३.१, ४.६ आणि ५.२ पट निघाला. सरासरी ४.३, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १.१. आता दुसऱ्या कोणीतरी एकाच नमुन्याचे तीन वेल वाचले, ४.१, ४.३, ४.५. सरासरी तीच ४.३, डेव्हिएशन ०.२. दोघांचे बार सारख्याच उंचीचे, पण दुसऱ्याचा एरर बार पाचपटीहून लहान, दिसायला कितीतरी सुबक. ज्याने कमी काम केलं त्याचा ग्राफ जास्त भरवशाचा दिसतो! वाचणाऱ्याने हे ओळखायचं कसं? चित्रावरून अजिबात ओळखता येत नाही, त्याच्याकडे फक्त लेजंड आहे. म्हणूनच हे वाक्य मेथड्समध्ये लिहिलं असलं तरी लेजंडमध्ये परत लिहायचं, इथे पुनरुक्ती चालते, नव्हे हवीच.

याहून वाईट प्रकार म्हणजे n = 9. तीन प्रयोग, प्रत्येकाचे तीन वेल, तीन त्रिक नऊ. नाही हो, प्रयोग तीनच झालेत! प्रत्येक प्रयोगाच्या तीन वेलची सरासरी काढून एकच आकडा घ्यायचा आणि असे तीन आकडे ग्राफवर न्यायचे. नऊ धरले की स्टँडर्ड एररसाठी १.७ ऐवजी ३ ने भागलं जातं, एरर बार आपोआप आक्रसतो आणि पी व्हॅल्यू फुकटात सुंदर होते. त्यामुळे कुठे नऊ, बारा असे आकडे दिसले की मी आधी त्यांना तीनने भाग जातो का बघतो, आणि जात असेल तर लिहिणाऱ्याला विचारतो.

एरर बारचंही याच धाग्यात सांगून टाकतो. बार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर, हे न लिहिलेला ग्राफ मी परत पाठवतो. वरच्याच आकड्यांत डेव्हिएशन १.१ आहे आणि एरर ०.६, म्हणजे जवळजवळ निम्मा. तीनच आकडे असतील तर माझी पसंती अशी की बारवर तिन्ही ठिपके दाखवा आणि डेव्हिएशन द्या. स्टँडर्ड एरर लोक बहुतेक वेळा लहान दिसतो म्हणूनच निवडतात. आणि तारा लावला की टेस्टचं नाव द्या, कशाशी तुलना केली ते द्या. इथे कंट्रोल प्रत्येक प्रयोगात १ धरलाय, म्हणजे त्याला स्वतःचा पसारा उरलेलाच नाही, मग दोन गटांची साधी टी-टेस्ट लावणं चूक. पटींचे लॉग घेऊन ते शून्यापेक्षा वेगळे आहेत का, हे वन-सॅम्पल टी-टेस्टने बघायचं. या तीन आकड्यांवर दुतर्फा पी ०.०१२ येते. तारा काढून तोच आकडा लिहिला तरी मला जास्त आवडेल.

आता तीच लेजंड परत लिहू:

> आकृती २. इटोपोसाइड दिल्यावर एमसीएफ-७ पेशींमध्ये पी५३ साठते व पी२१ चा एमआरएनए वाढतो. (अ) २० मायक्रोमोलर इटोपोसाइड ६, १२ किंवा २४ तास दिलेल्या पेशींमधील पी५३ चा वेस्टर्न ब्लॉट. ०: २४ तास फक्त ०.१ टक्का डीएमएसओ. प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम एकूण प्रोटीन. बीटा-ॲक्टिन त्याच मेंब्रेनवर, लोडिंग कंट्रोल म्हणून. डावीकडे मार्कर, किलोडाल्टनमध्ये. तीन स्वतंत्र प्रयोगांपैकी एक दाखवला आहे. (ब) २४ तासांनंतर पी२१ चा एमआरएनए, क्यूपीसीआरने मोजलेला, जीएपीडीएचशी नॉर्मलाइझ करून, त्याच प्रयोगातील डीएमएसओ कंट्रोल = १ धरून. प्रत्येक ठिपका एक स्वतंत्र प्रयोग (वेगळा दिवस, वेगळा पॅसेज; तीन वेलची सरासरी), n = 3. बार: सरासरी, एरर बार: स्टँडर्ड डेव्हिएशन. p = 0.012, लॉग पटींवर दुतर्फा वन-सॅम्पल टी-टेस्ट.

दूध गेलं, मेंब्रेनचा प्रकार गेला, ४ अंश गेले, सगळं मेथड्समध्ये सुखात आहे. लांबी वाढली हे मान्य, पण यातला एकही शब्द काढला तर चित्राबद्दलचा एक प्रश्न अनुत्तरित राहतो. "तीनपैकी एक दाखवला आहे" हेच बघा. नुसतं "प्रातिनिधिक ब्लॉट" लिहितात लोक, कितींचा प्रतिनिधी ते लिहीत नाहीत. एकदाच केला असेल तर "एकदाच केला" लिहा, ते मला चालतं, आकडा लपवलेला चालत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. लेजंड कितीही चांगली लिहिली तरी जे चित्रावरच असायला हवं ते तिच्यात ढकलू नका. "लेन १ डीएमएसओ, लेन २ सहा तास, लेन ३ बारा तास" अशी जंत्री वाचत बोटाने लेन मोजायला लावणं मला सहन होत नाही. तास लेनच्या वर लिहा, प्रोटीनचं नाव बँडच्या बाजूला लिहा. मधल्या लेन कापून चित्र जोडलं असेल तर जोडाच्या जागी रेघ दिसू द्या आणि ती रेघ कशाची आहे ते लेजंडमध्ये सांगा.

तपासायचं कसं तर आकृती आणि लेजंड एवढंच एका पानावर छापा आणि शेजारच्या बेंचवरच्या, तुमच्या प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या माणसाला द्या. त्याला तीनच गोष्टी विचारा: कंट्रोलला काय दिलं होतं, प्रत्येक ठिपका म्हणजे काय, आणि एरर बार कशाचा. तो मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला की ज्या प्रश्नावर अडला त्याचं उत्तर तोंडी देऊ नका, लेजंडमध्ये लिहा.