'लॅपटॉप बंद पडला' आणि 'लॅपटॉप बंद पडतो': हेल्पडेस्कला यातलं नेमकं काय लिहायचं?

महापेच्या एका ऑफिसात मी हेल्पडेस्कला बसते, आणि रोजच्या तिकिटांमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो हे शोधण्यात की बिघाड एकदा झालाय, परत परत होतोय, की आत्ता या क्षणी पण आहे. समोरच्याला ते पक्कं माहीत असतं, फक्त घाईत क्रियापद भलतंच पडतं.

परवाचीच एक तक्रार घ्या, अकाउंट्समधल्या एका ताईंची:

"सर लॅपटॉप बंद पडला सोमवारपासून चालू होत नाही मीटिंगमध्ये पण झालं चार्जर लावला तर होतो बॅटरी गेली वाटतं अर्जंट आहे"

'चालू होत नाही' वाचलं की आम्ही समजतो मशीन आत्ता मेलेलं आहे, मग स्पेअर लॅपटॉप शोधा, डेटा कसा काढायचा ते बघा. फोन केला तर ताई त्याच लॅपटॉपवर काम करत होत्या! बटण दाबून चालू होत नव्हता तो मीटिंगरूममध्ये, चार्जर जागेवर राहिला होता तेव्हा. म्हणजे तिथे 'होत नव्हता' हवं होतं. आणि 'बंद पडला' हे तर एकदाच घडल्यासारखं वाटतं, पण खरं म्हणजे चार्जर काढला की दरवेळी बंद पडत होता, म्हणून 'पडतो'.

हा फरक आमच्यासाठी का मोठा आहे ते सांगते. 'बंद पडला' म्हणजे एक घटना, तिची वेळ हवी. विंडोजमध्ये Event Viewer उघडून System लॉगमध्ये आम्ही ती वेळ शोधतो. लॅपटॉप नीट शट डाऊन न होता गेला असेल तर तिथे Kernel-Power ची 41 नंबरची नोंद सापडते, पण ती नोंद मशीन परत चालू झाल्यावर पडते, त्यामुळे दुपारी बंद पडलेला लॅपटॉप तुम्ही संध्याकाळी चालू केलात तर 41 वर संध्याकाळचीच वेळ दिसणार. आधी बंद कधी झाला ते बहुतेक वेळा 6008 च्या मजकुरात असतं. आणि 1074 दिसली तर कुणीतरी, किंवा अपडेटने, रीतसर बंद केलेला असतो, मग तो बिघाडच नाही. 'साडेतीनच्या सुमारास बंद पडला' एवढं लिहिलंत तरी आमचं शोधणं खूप कमी होतं.

'बंद पडतो' म्हणजे मात्र सवय लागलीय, तिथे वेळेपेक्षा 'काय केलं की' हे महत्त्वाचं. चार्जर काढला की? तासभर चालून तापला की? झाकण हलवलं की? चार्जर काढल्यावर जात असेल तर संशय आधी बॅटरीवर, आणि मग आम्ही हा रिपोर्ट काढतो:

```
powercfg /batteryreport
```

त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बरीच थकलीय. पण आकडा ठीक दिसला म्हणून बॅटरी सुटली असं नाही, थकलेली बॅटरी 60 टक्के दाखवत असताना पण लोड आला की अचानक मान टाकते, आणि तेव्हा तुम्ही पाहिलेलं 'चार्जर काढला की' हेच रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

ताईंची तक्रार मग आम्ही फोनवरच अशी करून घेतली:

"सोमवारपासून चार्जर काढला की लॅपटॉप काही मिनिटांत अचानक बंद पडतो. बॅटरी तेव्हा 60 टक्क्यांच्या आसपास दिसते. काल दुपारी साडेतीनच्या सुमारास मीटिंगमध्ये बंद पडला, तिथे चार्जर नव्हता आणि बटण दाबून चालू होत नव्हता. जागेवर येऊन चार्जर लावल्यावर चालू झाला. आत्ता चार्जरवर चालू आहे. गुरुवारी क्लायंटकडे ठाण्याला न्यायचा आहे."

'बॅटरी गेली वाटतं' काढून टाकलं, ते शोधायचं काम आमचं. 'अर्जंट' पण काढलं, कारण गुरुवार लिहिल्यावर किती अर्जंट ते कळतंच. 'झालं' च्या जागी काय झालं ते आलं.

एक गोष्ट मात्र कायम वर्तमानात आणि सगळ्यात वर लिहा: टचपॅड वर आलंय, खालची बाजू फुगलीय, किंवा झाकण नीट बसत नाही. बॅटरी फुगली असू शकते, तेव्हा चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बघू नका आणि तक्रार फोनवरून द्या.

बॅटरी बदलून लॅपटॉप परत आला की तिकीट बंद करायला मेल येतो, तिथे लगेच 'नीट चालतो' लिहू नका, चार्जर न लावता थोडं काम करून बघा आणि मग 'बॅटरी बदलल्यावर चार्जरशिवाय दोन तास चालवला, बंद पडला नाही' असं जे झालं तेच लिहा. पुढे परत बंद पडला तर तेच तिकीट उघडताना आम्हाला कळतं की बदलल्यावर किती वेळ टिकला होता.