मागील पानावरून पुढे

अंबड तालुक्यातल्या माझ्या मामांची एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. मोसंबीच्या बागेवर खर्चलेला प्रत्येक रुपया तिच्यात उतरलेला असायचा. पान भरलं की खाली बेरीज, आणि नव्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून’ लिहून तीच बेरीज पुन्हा. २०१३ च्या एप्रिलमध्ये, पाडवा होऊन चार दिवस झाले असतील, ती वही त्यांनी माझ्यापुढे टाकली. वरच्या ओळीत आकडा होता ४,२५,०००.

२०१२ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला होता. जालना जिल्ह्यात विहिरींनी दिवाळीनंतरच तळ दाखवला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या मोसंबीच्या बागा दिसत होत्या. कुणी तोडून सरपण केलं होतं, कुणी टँकर लावले होते. मामांची दोन एकर, २२० झाडं, लागवड २००६ ची. त्यांनी १ मार्चपासून आठवड्याला पाच टँकर सुरू केले होते. पावसाला अजून दहा आठवडे धरावे लागणार होते.

“सव्वाचार लाख घातलेत बागंत,” मामा म्हणाले. “आता पाऊण लाखासाठी सोडायची व्हय?”

मी तेव्हा जालन्याच्या एका कॉलेजात परिव्यय लेखांकन, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंग, शिकवत होतो. त्या एका वाक्यात माझ्या विषयाचं अख्खं प्रकरण होतं. वाक्याचा पहिला अर्धा भाग निर्णयाच्या कामाचा नाही आणि दुसरा अर्धा आहे. पण बोलताना दोन्ही असे काही चिकटतात, की पहिल्या आकड्याच्या शेजारी दुसरा लहान वाटायला लागतो. पाऊण लाख ही लहान रक्कम नव्हती. ती फक्त सव्वाचार लाखांच्या बाजूला बसली होती.

पुस्तकात याला बुडीत खर्च म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण आपल्याकडे बुडीत म्हटलं की बुडालेलं कर्ज आठवतं आणि वाटतं की पैसा वाया गेला. तसं नाही. खर्च चांगला असो की वाईट, जो होऊन गेला आणि कुठल्याच निर्णयाने परत येणार नाही, तो बुडीत. खड्डे, रोपं, ठिबक, सात वर्षांचं शेणखत आणि फवारण्या मिळून ३,८०,०००, आणि मार्चपासूनच्या सहा आठवड्यांच्या टँकरचे ४५,०००. बाग ठेवली तरी ते गेलेले, तोडली तरी गेलेले.

याच्या उलट आहे तो संबद्ध खर्च. त्याला दोन अटी लागतात. तो पुढे व्हायचा असला पाहिजे आणि दोन पर्यायांत वेगळा असला पाहिजे. दुसरी अट लोक विसरतात. सोसायटीच्या कर्जाचा जूनचा हप्ता पुढेच भरायचा होता, मामींच्या डोक्यात तर सतत तोच होता. पण बाग राहिली काय, गेली काय, हप्ता तेवढाच. म्हणून तो या हिशेबातून बाहेर. काळजीतून नाही, हिशेबातून.

सालगड्याची गंमत आणखी वेगळी. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. पाडव्याआधी आठवडाभर मामांनी मला विचारलं असतं, तर त्याची वर्षाची रक्कम मी हिशेबात धरली असती, कारण बाग काढायची ठरली असती तर त्यांनी कदाचित गडी ठेवलाच नसता. पण ११ एप्रिलला पाडवा झाला, साल ठरलं, शब्द गेला. माणूस तोच, रक्कम तीच, द्यायचीही अजून होती, तरी चार दिवसांत तो खर्च या निर्णयाच्या कक्षेबाहेर पडला. खर्च संबद्ध की असंबद्ध हे त्याच्या नावावरून कळत नाही, विचारण्याच्या वेळेवरून कळतं.

मग मी वहीचं मधलं कोरं पान काढलं आणि दोन रकाने पाडले: ठेवायची, काढायची. (इथे आकडे गोल केलेत, आणि पाच वर्षांनी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो हेही बाजूला ठेवलंय. बागेचा पैसा कपाशीपेक्षा उशिरा येतो, तरी साधारण व्याजदराला निकाल त्याने बदलत नाही.)

आच्छादन घालून, फळं काढून टाकून, झाड फक्त जगवायचं तर आम्ही दिवसाला ३० लिटर धरले. २२० झाडांना आठवड्याला ४६,००० लिटरच्या वर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. एकाला १,५०० प्रमाणे दहा आठवड्यांचे ७५,०००. ताण बसलेली बाग पहिल्या वर्षी फळ देणार नाही, नुसती सांभाळायला ४०,०००. त्यानंतर बऱ्या वर्षी खर्च वजा जाता १,४०,०००. झाडं त्याहून जास्त जगतात, पण पुन्हा दुष्काळ येणार नाही असं कोण सांगणार? म्हणून एकूण पाचच वर्षं धरली, त्यातली चार कमाईची. रकान्याखाली आले ४,४५,०००.

बाग काढायची तर जेसीबीचे २०,०००, सरपणाचे १५,००० सुटतील, आणि त्या दोन एकरांत कपाशी, वर्षाला ५०,००० शिल्लक. पाच वर्षांचे २,४५,०००. कपाशीची ओळ मामांच्या वहीत कुठेच नव्हती, असणारही नव्हती. न पिकवलेल्या कपाशीची पावती कुणी देत नाही. तरी बाग ठेवण्याची ती खरी किंमत आहे, आणि वहीवरून निर्णय घेणारा माणूस नेमकी तीच ओळ गाळतो.

म्हणजे बाग ठेवणं दोन लाखांनी सरस. मामा खूश झाले. “मंग, म्या काय म्हनत होतो!”

उत्तर जुळलं होतं, पण त्यामागचं कारण जुळलं नव्हतं. मामांचा सव्वाचार लाखांचा युक्तिवाद बाग कशीही असली तरी तेच सांगणार होता. माझ्या रकान्यांत मात्र एक गृहीतक लपलं होतं, की २२० च्या २२० झाडं पावसापर्यंत पोचतील. ते तपासायला कागद पुरत नाही. संध्याकाळी उन्हं कलल्यावर आम्ही बागेत गेलो.

वाळलेलं झाड आणि मेलेलं झाड यात फरक असतो. मोसंबी पाण्याचा ताण बसला की पानं वळवते, मग गाळते, शेंडे वाळवते, आणि तरीही आतून जिवंत असू शकते. बोटाएवढ्या जाड फांदीची साल नखाने खरवडायची. खाली हिरवी ओलसर रेघ दिसली तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर आणखी खाली, जाड फांदीवर, शेवटी बुंध्यावर बघायचं. बुंध्यालाही हिरवं नसेल तर ते झाड पाण्याने परत येत नाही. कलमाच्या खाली खुंटाला हिरवं दिसलं तरी फसायचं नाही. खुंट बहुतेक रंगपूर लिंबाचा असतो, त्यातून फुटलं तरी मोसंबी लागत नाही.

सालगडी पुढे चुन्याचं डबडं घेऊन, मामा आणि मी मागे. अंधार पडेपर्यंत मोजणी झाली. खालच्या काळ्या रानातली १३० हिरवी. वरच्या मुरमाड पट्ट्यातली ९० गेलेली. सहा आठवडे त्या पट्ट्यालाही टँकरचं पाणी मिळत होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बुडीत खर्च विसरा असं सांगणारे बरेच जण ती सोडून देतात. खर्च विसरायचा, खर्चातून जे कळलं ते नाही. मुरमात ओतलेले टँकर परत येणार नाहीत, म्हणून ती रक्कम बाजूला. पण त्या पाण्याने तिथे झाड तगलं नाही ही माहिती पुढच्या दहा आठवड्यांबद्दल आहे, आणि ती हिशेबात सर्वांत वजनदार आहे.

रात्री कंदिलाशी रकाना पुन्हा मांडला. सगळ्या बागेला पाच टँकर चालूच ठेवले तर खर्च तोच ७५,०००, पण फळ १३० झाडांचं. बऱ्या वर्षाची शिल्लक साधारण ८२,०००, सांभाळण्याचा खर्च २४,०००. पाच वर्षांचे २,२९,०००. आता बाग काढण्याचे २,४५,००० जास्त भरत होते. दुपारचं उत्तर संध्याकाळी उलटलं होतं, आणि मागच्या पानावरचा आकडा एका रुपयाने बदलला नव्हता.

मामा बराच वेळ गप्प होते. त्यांना बाग लेकरासारखी होती हे खरं, पण अडचण तेवढीच नव्हती. सोडली की सात वर्षं चूक होती असं कबूल केल्यासारखं होतं, आणि पारावर लोक बोलतात. हा मराठवाड्यातल्या मामांचाच स्वभाव नाही. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात आर्क्स आणि ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं आणि काहींना, कसलीही निवड न करता, २ किंवा ७ डॉलरची सूट दिली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच, पण पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक विरला. पैसे दिल्याची टोचणी काही महिन्यांत बोथट होते म्हणा. मोसंबीला तेवढी सवड नसते, आणि टँकर दर आठवड्याला नवी टोचणी घेऊन येतो.

तिसरा रकाना मामींनी सुचवला. “निम्मी जगवा की. सगळीच ठिवायची न् सगळीच काढायची, असं कुनी सांगितलं?” आम्ही दोघं बागेला एकच वस्तू समजत होतो, कारण वहीत तिचं खातं एक होतं. १३० झाडांना आठवड्याला तीनच टँकर लागतात, दहा आठवड्यांचे ४५,०००. वरच्या पट्ट्यात कपाशी, पाच वर्षांचे लाखभर. जेसीबी आणि सरपण जवळजवळ फिटंफाट. बेरीज ३,५७,०००, तिन्हींत सर्वांत मोठी.

पाऊस लांबला तर काय, हे मामांनीच विचारलं. तेव्हा पुढच्या पानावर एवढंच लिहिलं, की दर रविवारी साल खरवडून हिरवी झाडं मोजायची, आणि रोहिणीपर्यंत ती शंभराच्या खाली गेली तर रकाने पुन्हा मांडायचे. त्या पानाच्या पहिल्या ओळीत मामांचा हात सवयीने ‘मागील पा’ इतकं लिहून थांबला. खोडलं नाही, तसंच ठेवलं.

मे महिन्यात जेसीबी आला त्या दिवशी मामा शेतात गेले नाहीत. सालगड्याने झाडं मोजून घेतली. ८९ निघाली. चुना लावलेल्या एकाच्या बुंध्यावर कलमाच्या वर बोटभर फूट आली होती, म्हणून त्याने ते ठेवलं.