संध्याकाळी जोडवी रुततात, सकाळी सैल होतात : पायाच्या सुजेचं साधं फिजिक्स

आमच्या वहिनीला आठवा महिना चालू आहे. काम लॅपटॉपवरचं, सकाळी दहाला खुर्चीत बसली की संध्याकाळी सहाला उठते. गेल्या आठवड्यात म्हणाली, "भाऊजी, बघा ना, जोडवी निघेचनात", आणि खरंच घोट्याजवळ बोटानं दाबलं की छोटा खळगा पडत होता आणि तो भरायला वेळ लागत होता. आईनं लगेच वहिनीच्या ताटातलं मीठ बंद केलं, शेजारच्या काकू येऊन "पाय सुजले म्हणजे मुलगाच" असं सांगून गेल्या (बाळाचं लिंग गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, त्याचा पायाशी काही संबंध नाही). मी डॉक्टर नाही, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पण ही सूज मला फार आवडते, कारण ती सरळसरळ द्रवाच्या दाबाच्या धड्यातून उचललेली आहे.

बीपीच्या मशीनवर जो आकडा येतो तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो, तेवढं लक्षात ठेवा. आता उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १२० सेंटीमीटर उंची धरू. पायाच्या शिरांमधलं रक्त म्हणजे तेवढ्या उंचीचा एक स्तंभ, गच्चीवरच्या टाकीतून खाली आलेल्या पाइपासारखा. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून १२०० मिलिमीटर भागिले १३.६, येतात ८८. रक्त पाण्यापेक्षा जरासं जड आहे, म्हणजे ९०च्या थोडं वर धरा. नुसतं स्थिर उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत एवढा दाब असतो, आडवं झालं की तो १०-१५वर येतो. खुर्चीत बसलो तर ही उंची ७५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे दाब ५५ ते ६०. बरा वाटतो ना आकडा? पण तो आठ तास तसाच राहतो, गडबड तिथे आहे.

कारण केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्याच असतात, त्या तशाच असायला हव्यात, नाहीतर पेशींपर्यंत काही पोचणारच नाही. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाणी आत धरून ठेवतं. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं ही रस्सीखेच १८९६ साली मांडली. तरीही जे पाणी बाहेर पडतं ते लसीकावाहिन्या गोळा करून परत रक्तात सोडतात. बाहेर पडायचा वेग गोळा करायच्या वेगापेक्षा जास्त झाला की चप्पलचा पट्टा रुतायला लागतो.

मग दिवसभर चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईचे पाय तेवढे का सुजत नाहीत, तर पोटरीमुळे. पायातल्या खोल शिरा पोटरीच्या स्नायूंच्या मधून जातात आणि त्यांना आत एकाच दिशेनं, वरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, रक्त वर जातं, स्नायू सैल झाला की झडप मिटलेली असते त्यामुळे ते खाली येऊ शकत नाही. म्हणजे तो उंच स्तंभ तुकड्यातुकड्यांत कापला गेला! आठ-दहा पावलांत घोट्याजवळचा दाब ९०वरून ३०च्या आसपास येतो, आणि थांबलं की झडपा धड असतील तर तो परत चढायला वीसेक सेकंद तरी लागतात. म्हणून तासाभरानं मारलेली एक चक्कर किंवा खुर्चीत बसल्या बसल्या टाचा वर-खाली करणं हे बिनपैशाचं औषध आहे. रात्रभर तळपायाला चिकटवून "टॉक्सिन ओढणारे" पॅड विकतात, सकाळी सूज उतरलेली दिसते ती आडवं झोपल्यामुळे, पॅड न लावता पण उतरली असती.

मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायचा सल्ला तर घरोघरी मिळतो, त्याचंही गणित करा. बादलीत २० सेंटीमीटर पाणी म्हणजे बाहेरून जेमतेम १५ मिलिमीटरचा दाब, आणि पाय खाली लोंबकळतोय त्याचा आतला दाब ५५. वर गरम पाण्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात ते वेगळंच. बरं वाटतं हे खरं, सूज त्यानं उतरत नाही. छातीभर पाण्यात उभं राहिलं तर मात्र बाहेरचं पाणी तळाशी जास्त दाबतं आणि आतल्या स्तंभाला बरोबर उत्तर मिळतं.

गरोदरपणात यात तीन गोष्टींची भर पडते. रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्के वाढतो, त्यामुळे अल्ब्युमिन विरळ होतं. शिरांच्या भिंती हार्मोनमुळे सैलावतात. आणि वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतं, ती शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते, म्हणून डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. मीठ कमी करून यातलं काहीच बदलत नाही, त्यामुळे आईला समजावून वहिनीच्या आमटीत मीठ परत आणलं. पाणी कमी पिणं किंवा स्वतःच्या मनानं लघवीच्या गोळ्या घेणं तर नकोच.

आता काळजीची सूज कोणती. मी स्वतः एकच प्रश्न धरून चालतो : ही सूज गुरुत्वाकर्षणाचं ऐकते का? ऐकणारी सूज दोन्ही पायांवर साधारण सारखी असते, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. चेहरा किंवा डोळ्यांभोवतीचा भाग एकाएकी फुगला, काल सहज फिरणाऱ्या हिरव्या बांगड्या आज हाताला घट्ट बसल्या, दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढलं, तर ते घोट्यावरच्या स्तंभाचं काम नाही. वीस आठवड्यांनंतर हे प्री-एक्लॅम्पसिया असू शकतं, त्यात रक्तवाहिन्यांचं अस्तरच बिघडतं, बीपी १४० / ९० किंवा वर जातं, बऱ्याचदा लघवीतून प्रथिनं जातात. सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. आणि उलटंही होतं, पाय अजिबात न सुजता बीपी चढलेलं असतं, म्हणून सूज बघून समाधान मानू नका, बीपी मोजा. उपकेंद्रातल्या सिस्टरसुद्धा मोजून देतात.

दुसरी बंडखोर सूज एकाच पायाची. शिरेत रक्ताची गुठळी झाली की त्या पायाची पोटरी दुखते, गरम, लालसर होते. गरोदर बायकांत ही बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून उजव्या बाजूची धमनी आडवी जाते आणि तिला दाबते. रात्रभराच्या बसप्रवासानंतर असं वाटलं तर टेप घ्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर सोनोग्राफी लागते, आणि फरक कमी असला तरी दुखणं असेल तर दाखवायचंच. तो पाय चोळायचा नाही, मालिश तर मुळीच नाही. दम लागला किंवा छातीत दुखलं तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते, १०८ला फोन.

माझ्या प्रश्नाची एक मर्यादा सांगून ठेवतो. हृदय कमजोर असलं तरी सूज सुरुवातीला अशीच संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, पण त्यात जिना चढताना धाप लागते, रात्री उशी उंच लागते. गरोदर बाईला थोडी धाप तशीही लागते, म्हणून आडवं झाल्यावर गुदमरतंय का ते विचारायचं. आणि आमच्या बाबांचे घोटे सुजायचे ते बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीनं, डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर उतरले.

वहिनीचं बीपी त्या संध्याकाळी ११६ / ७४ निघालं, दोन्ही पोटऱ्यांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. सकाळी साडेसहाला जोडवी हातानं फिरत होती.