रात्रीत टाकी किती निवते: सोलर हीटरच्या जाकिटाची पार्श्वभूमी

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्याला हात लावला की झोंबतं. पूर्वी या घरांत पहाटे तांब्याचा बंब पेटायचा. पाणी तापलं की लगेच आंघोळी उरकायच्या, त्यामुळे ते रात्रभर गरम ठेवायचा प्रश्न कधी आलाच नाही. तो आला सोलर हीटरमुळे. ऊन दुपारी आणि आंघोळ पहाटे, मधले बारा-चौदा तास पाणी टाकीत नुसतं थांबून राहतं.

हाच प्रश्न अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पडला होता. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी 1891 मध्ये सौर पाणीतापकाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवलेल्या, म्हणजे पाणी जिथे तापायचं तिथेच साठायचं. दिवसा हे ठीक होतं. रात्री मात्र जी काच ऊन आत घ्यायची, तिच्यातूनच उष्णता बाहेर जायची, आणि टाकीला जाकीट घालावं तर ऊनच अडणार. 1909 च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी दोन्ही कामं वेगळी केली. तापवायला खाली नळ्यांचं पॅनल आणि साठवायला त्याच्या वर जाकीट घातलेली टाकी. गरम पाणी हलकं म्हणून पंपाशिवाय आपोआप वर चढायचं. या हीटरचं नावच ‘डे अँड नाइट’ होतं. आज आपल्या गच्चीवर पॅनलच्या वर जी टाकी दिसते, तिची मांडणी तीच आहे.

जाकिटाने नेमका किती फरक पडतो, ते 200 लिटरच्या टाकीवर मांडून पाहू. संध्याकाळी पाणी 60 अंशांवर आणि रात्रीची सरासरी हवा 15 अंशांवर धरू. 200 लिटर पाणी एक अंशाने उतरायला सुमारे 0.23 युनिट उष्णता जावी लागते. हा झाला साठा. आता गळती. अशा टाकीच्या जाकिटाचं क्षेत्रफळ साधारण 2.4 चौरस मीटर भरतं. जाकीट 50 मिलिमीटर पफचं, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचं असेल, तर एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून अर्धा वॉट जातो.

```
गळती = 0.5 × 2.4 × (60 − 15) = 54 वॉट
12 तासांत = 0.65 युनिट
घट = 0.65 ÷ 0.23 = सुमारे 2.8 अंश
```

पाणी निवत जातं तशी गळतीही कमी होते, हा न्यूटनचा नियम इथेही लागतो. पण तीन अंशांच्या घटीत त्याने हिशोब फारसा हलत नाही. उघड्या टाकीचं मात्र तसं नाही. तिची गळती वीसेक पट असते, आणि नियम धरून हिशोब केला तर तेच पाणी सकाळी 30 अंशांच्या आसपास येतं.

पॉलियुरेथेन हा 1937 मधल्या जर्मनीतल्या शोधाचा वारसा. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं टाकीला रॉकवूल गुंडाळायची पद्धत होती. कोरडं असेल तर तेवढ्याच जाडीच्या रॉकवूलमध्ये घट साडेचार अंशांच्या आसपास येते, म्हणजे तेही काही वाईट नाही. पण पत्र्याच्या सांध्यातून पाऊस आत शिरला की तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीसेक पट सहज वाहते. साताऱ्याच्या पावसात हा धोका खराच आहे. फोमच्या बंद पेशींत पाणी सहज शिरत नाही, म्हणून माझ्या मते इथे पफचा खरा फायदा कोरडं राहण्याचा आहे, आकड्यांमधला फरक त्यानंतर येतो.

मग हिशोब तीन अंशांचा असताना एखाद्या घरी दहा-बारा अंश का उतरतात? अशा वेळी जाकिटाला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. रात्री कुणी गरम पाणी वापरलं असेल तर तेवढंच गार पाणी खालून आत आलेलं असतं. ती गळती नव्हे. म्हणून मोजायचं तर रात्री टाकीच्या गार आणि गरम, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद ठेवावेत. शिवाय टाकीत वरचं पाणी गरम आणि खालचं कोमट असे थर असतात, त्यामुळे एकट्या वरच्या नळाच्या तापमानावरून सरासरी कळत नाही.

दुसरी गोष्ट उलट्या प्रवाहाची. टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या टोकापेक्षा पुरेसा उंच नसेल, तर रात्री गार पॅनलमधलं जड पाणी खालच्या पाइपने टाकीत शिरतं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपने पॅनलमध्ये उतरतं. जाकीट कितीही जाड असलं तरी त्याला वळसा घालून उष्णता निघून जाते. साधारण फूटभर उंची ठेवायची ती यासाठीच. पाणी वापरात नसताना रात्री दहाला पॅनलच्या वरच्या टोकाकडचा पाइप हाताने चाचपावा. तो टाकीपासून पॅनलपर्यंत सलग कोमट लागला, तर पाणी उलटं फिरतंय. टाकीलगतचा थोडाच भाग कोमट असेल, तर ते नेहमीचंच आहे, आणि मग जाकीट कुठे ओलं झालंय ते शोधायला हरकत नाही.